रोपे माना टाकतात तेव्हा : रोग कोणता आणि प्रकाशाची उणीव कोणती?

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिशास्त्राचा पदवीधर नाही, कला शाखेचा आहे. शास्त्रज्ञ व शेतकरी यांच्यामध्ये निरोप्याचे काम करणे हा माझ्या नोकरीचा भाग. तेव्हा आजचा विषय मी निरोप्याच्याच भूमिकेतून मांडणार आहे. विषय लहान आहे. तो एका रोपाच्या मानेएवढाच, म्हणजे खोड जेथे मातीतून वर येते त्या अर्ध्या इंचाएवढाच आहे. परंतु खरिपात गावोगावच्या रोपवाटिकांचा हिशेब याच अर्ध्या इंचावर चुकतो, म्हणून त्याला आजची वेळ द्यावी असे मला वाटले.

आता गादीवाफ्यांच्या जोडीला प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रोपे करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. बचत गट ती करतात, शाळांच्या परसबागेत ती होते, काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेतही होते. अठ्ठ्याण्णव कप्प्यांचा ट्रे, त्यात कोकोपीट, प्रत्येक कप्प्यात एक बी, असा हा सुटसुटीत व्यवहार आहे. टोमॅटोचे बी चार ते सहा दिवसांत वर येते आणि साधारण पंचवीस दिवसांत रोप लावणीस तयार होते. मिरचीला पस्तीस ते चाळीस दिवस लागतात. यातील पहिल्या पंधरा-वीस दिवसांत एखाद्या सकाळी ट्रे पाहावा तर रोपे आडवी झालेली दिसतात. पाहणारा म्हणतो, “मर आली.” मग दुकानातून बुरशीनाशक येते, झारीत कालवले जाते आणि सगळ्या ट्रेंवर ओतले जाते.

येथेच थांबावयाचे आहे. आडवी पडलेली प्रत्येक रोपटी मर रोगाची नसते. पुष्कळदा ती प्रकाशाच्या उणिवेमुळे लांबट व दुबळी झालेली असते आणि स्वतःच्याच भाराने कलंडलेली असते. दुरून पाहता दोन्ही प्रकार सारखे दिसतात. उपाय मात्र एकमेकांना केवळ वेगळेच नाहीत, तर एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपली गत होऊ नये यासाठी निदान प्रथम, औषध नंतर, हा क्रम पाळला पाहिजे.

रोग कसा लागतो

मर रोग म्हणजे रोपे कोलमडण्याचा रोग. तो एकाच सूक्ष्मजीवामुळे होत नाही. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया आणि काही वेळा फ्युजेरियम ही त्यास कारण होणारी प्रमुख नावे. त्यांतील पिथियमची ओळख आपल्या देशाला जुनी आहे. बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ई. जे. बटलर या शास्त्रज्ञाने १९०७ साली या कुलाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या काळी पिथियमला बुरशीत गणत असत. आता शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीपासून वेगळे काढतात आणि पाण्यातील बुरशीसदृश जीवांच्या गटात ठेवतात. हा केवळ नावाचा फरक नाही. पिथियमचे काही बीजाणू शेपटीच्या साह्याने पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात आणि कोवळ्या मुळापर्यंत पोहोचतात. कोकोपीट सतत चिंब राहिले की त्यांना जणू कालवाच खोदून दिल्यासारखे होते.

रोगाची दोन रूपे आहेत. पहिल्या रूपात बी अंकुरते, पण कोंब वर येण्यापूर्वीच कुजतो. कप्पा रिकामा राहतो आणि आपण बियाण्यास बोल लावतो. अशा वेळी रिकामा कप्पा टोकराने हलकेच उकरून पाहावा. बी जसेच्या तसे कडक असेल तर ते उगवलेच नाही. तपकिरी, मऊ, बुळबुळीत कोंब हाती आला तर रोगाचा संशय घ्यावा.

दुसऱ्या रूपात रोप वर येते, दोन बीजपत्रे उघडतात, हिरवेगार दिसते आणि एके दिवशी मातीलगत मोडल्यासारखे आडवे पडते. येथे नीट पाहिले तर खोडाचा मातीलगतचा भाग पाणी शोषल्यासारखा, काचेसारखा ओलसर दिसतो. मग तो तपकिरी होतो आणि दोऱ्याने आवळल्याप्रमाणे बारीक होतो. वरचा भाग त्या क्षणी ताजाच असतो. पाने पिवळी पडलेली नसतात, कोमेजलेलीही नसतात. हा या रोगाचा चटकन ओळखू येणारा विशेष आहे : आधी मान जाते, नंतर पान जाते. रायझोक्टोनियाचा प्रकार थोडा निराळा असतो. त्यात मानेवरील डाग तुलनेने कोरडा, लालसर तपकिरी व खोलगट असतो. काही रोपे लगेच पडत नाहीत. तारेसारख्या कडक, बारीक खोडावर ती खुरटत उभी राहतात.

रोपाचे खोड जसजसे जून होते आणि खरी पाने दोन-तीन येतात, तसतशी या रोगाची बाधा कमी होत जाते. म्हणजे धोक्याचा काळ लहान आहे. तेवढे दोन-तीन आठवडे सांभाळले तर बाजी मारली असे समजावे.

प्रकाश कमी पडला की काय होते

आता दुसरा प्रकार. अंधारात उगवलेले रोप आपल्या दाण्यातील शिदोरी उंची गाठण्यात खर्च करते. वर कोठे तरी उजेड असेल या हिशेबाने बीजपत्राखालचे खोड भराभर लांबते, परंतु जाड होत नाही. पाने लहान आणि फिकट राहतात. उजेड एका बाजूने येत असेल तर सगळ्या माना त्या बाजूला वळतात. निसर्गाच्या दृष्टीने ही शहाणपणाची योजना आहे. मातीच्या ढेकळाखाली किंवा गवताच्या गर्दीत सापडलेले रोप अशानेच बाहेर येते. पण ट्रेमध्ये वर येऊनही उजेड मिळाला नाही तर रोप वाढतच जाते, वाढतच जाते आणि झारीचे पाणी पडताच लोळण घेते.

यास कारणे चार. पहिले कारण, छप्पर किंवा जाळी फार दाट असणे. शेडनेटवर जो पन्नास टक्के असा आकडा असतो तो सावलीचा असतो. एका पन्नास टक्के जाळीतून निम्मा उजेड येतो, तर तशाच दोन जाळ्या एकावर एक घातल्या तर निम्म्याचा निम्मा, म्हणजे चौथाई उरतो. भर उन्हाचा उजेड सुमारे एक लाख लक्स भरतो, तर पावसाळी दाट ढगांच्या दिवशी तो दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. उन्हाळ्यात योग्य ठरलेली जाळी आषाढात तशीच ठेवली तर रोपांच्या वाट्याला काय येईल, याचा हिशेब आपणच करावा.

दुसरे कारण ट्रे वेळेवर न पसरणे. बी पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदाने झाकतात. ऊब व ओल टिकावी म्हणून हे योग्यच आहे. परंतु कोंबाची पहिली वाकडी मान वर दिसताच रास मोडून ट्रे उजेडात पसरावे लागतात. टोमॅटोच्या बाबतीत तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून पाहिले पाहिजे. रविवार आहे, उद्या पाहू, असे म्हणून एक दिवस घालवला तरी रोपे बोटभर लांब होतात आणि ती लांबी पुढे कमी होत नाही.

तिसरे कारण दाटी. शेजाऱ्याची पाने अंगाला लागू लागली की त्यांच्या सावलीने व त्यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने रोपाला स्पर्धेची जाणीव होते आणि ते लांबू लागते. चौथे कारण उकाडा व अतिरिक्त नत्रखत. उजेड थोडा आणि ऊब जास्त, हा मेळ रोपाला सर्वाधिक लांबवतो.

चार खुणा

ट्रेसमोर उभे राहून फरक कसा ओळखावा, हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ पाण्याची वाटी, एक भिंग असल्यास उत्तम, आणि सात-आठ रोपे उपटण्याची तयारी एवढे पुरे.

पहिली खूण मानेची. पडलेले रोप कप्प्यातून कोकोपीटसह काढावे आणि खोडाचा मातीलगतचा भाग पाहावा. तो बारीक, तपकिरी, मऊ असेल तर रोग. खोड वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचे, फिकट हिरवे किंवा पांढरट, परंतु निरोगी असेल आणि कोठे तरी मध्येच वाकले असेल तर उजेडाची उणीव.

दुसरी खूण मुळांची. वाटीतील पाण्यात मुळे हलकेच धुवावीत. दुबळ्या रोपाची मुळे थोडी असतील, पण पांढरी असतात. रोगट रोपाची मुळे तपकिरी असतात आणि चिमटीत धरून ओढली तर पुष्कळदा वरची साल निघून आत दोऱ्यासारखा भाग उरतो. ही पिथियमची विशेष खूण समजतात.

तिसरी खूण ट्रेवरील नकाशाची. रोग एका ठिकाणी सुरू होतो आणि शेजारच्या कप्प्यांकडे पसरतो. म्हणून पडलेल्या रोपांचा गोलसर ठिपका दिसतो. तो रोज मोठा होतो आणि बहुधा पाणी साचणाऱ्या, गळणाऱ्या किंवा हवा न खेळणाऱ्या जागी असतो. उजेडाच्या उणिवेने पडलेली रोपे अशी ठिपक्यात नसतात. संपूर्ण ट्रे सारखाच लांबट असतो, किंवा उजेडाकडून भिंतीकडे जाताना लांबी पायरी-पायरीने वाढत गेलेली दिसते.

चौथी खूण काळाची. दुबळे रोप पडल्यावर मरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा शेंडा पुन्हा वर वळलेला दिसतो. रोगट रोप एकदा पडले की उठत नाही आणि एक-दोन दिवसांत सुतासारखे वाळते किंवा कुजून नाहीसे होते. म्हणून शंका उरली तर पाच-सहा पडलेल्या रोपांना काडीने खूण करावी व चोवीस तास वाट पाहावी. तो ट्रे मात्र तेवढा वेळ बाजूला ठेवावा.

काही जण पडलेले रोप ओल्या टिपकागदावर बरणीत ठेवतात आणि पांढरे तंतू आले की रोग ठरवतात. ही पद्धत वाईट नाही, परंतु मेलेल्या वनस्पतीवर वाढणारी निरुपद्रवी बुरशीही तसेच तंतू देते. तेव्हा या परीक्षेला मानेच्या व मुळांच्या खुणेची पुस्ती हवी. तसेच, देठ कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ तुटला असेल आणि वरचा भाग शेजारी पडला असेल, तर तो रोगही नव्हे आणि अंधारही नव्हे. ते रात्री येणाऱ्या अळीचे काम असते. कोकोपीटमध्ये किंवा ट्रेखाली ती गुंडाळून बसलेली सापडते.

एका रोपवाटिकेचे उदाहरण

आता हे सर्व एका प्रसंगात पाहू. एका गावी महिला बचत गटाने सभागृहाच्या लांब ओसरीत टोमॅटोचे साठ ट्रे ठेवले होते. अठ्ठ्याण्णवच्या हिशेबाने ही पाच हजार आठशे ऐंशी रोपे झाली. लावणीचे अंतर ९० बाय ४५ सेंटिमीटर धरले तर एका गुंठ्याला सुमारे अडीचशे रोपे लागतात. म्हणजे तूट-फूट जाऊनही वीस गुंठ्यांची बेगमी त्या ओसरीत होती. सहा कुटुंबांनी आगाऊ पैसे भरले होते. ओसरीला पत्र्याचे छप्पर, पूर्वेची बाजू उघडी, पश्चिमेला भिंत. ट्रेच्या तीन रांगा : वीस उघड्या कडेला, वीस मध्ये, वीस भिंतीलगत. जुलैचे ढगाळ दिवस होते. पेरणीनंतर अकराव्या दिवशी भिंतीलगतच्या रांगेतील बरीच रोपे आडवी दिसली. त्याशिवाय मधल्या रांगेत, पत्र्याच्या गळतीखाली असलेल्या तीन ट्रेंमध्ये रोपांना टक्कल पडल्यासारखे झाले होते. गटाच्या एका सदस्याने बुरशीनाशक आणले, भिंतीलगतच्या पाच ट्रेंवर ते भरपूर ओतले आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी करू असे ठरवले.

त्या दिवशी दुपारी शाळेतील विज्ञानाच्या बाई तेथे आल्या. त्यांनी भिंतीलगतच्या रांगेतून आठ रोपे काढून पाण्यात धुतली. आठांचीही मुळे पांढरी, खोडे सारख्या जाडीची आणि साडेतीन ते चार इंच लांब होती. सगळ्या माना पूर्वेकडे वळलेल्या होत्या. उघड्या कडेची रोपे त्याच वयाची, पण त्यांच्या निम्म्या उंचीची व दणकट होती. मग त्यांनी गळतीखालच्या ट्रेंतील आठ रोपे काढली. त्यांतील सहांच्या माना तपकिरी व आवळलेल्या होत्या, मुळांची साल सुटत होती. निदान झाले. एकाच ओसरीत दोन वेगळी दुखणी होती : सतरा-अठरा ट्रेंना उजेडाची उणीव आणि तीन ट्रेंना रोग.

यानंतर काय केले ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम पाणी थांबवले. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाण्याची धार लागत होती. मूठ दाबल्यावर एखादा थेंब सुटावा, धार लागू नये, एवढाच वाफसा रोपाला पुरतो. दुसरे, तीन रोगट ट्रे उचलून वाऱ्याच्या खालच्या बाजूला, इतरांपासून दूर नेले. पडलेली रोपे आणि त्यांच्या चहूबाजूंची एकेक ओळ, वरून निरोगी दिसली तरी, कप्प्यातील कोकोपीटसह काढली आणि खड्ड्यात पुरली. ती उकिरड्यावर टाकली नाहीत, कारण तेच खत पुढे पुन्हा रोपवाटिकेत येते. तिसरे, औषध फक्त त्या तीन ट्रेंच्या उरलेल्या रोपांना आणि त्यांना लागून असलेल्या सहा ट्रेंना दिले. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के ही भुकटी दहा लिटरला तीस ग्रॅम, म्हणजे लिटरला तीन ग्रॅम, या प्रमाणात कालवली. एका कप्प्याला सुमारे पाच मिलिलिटर धरले तर एका ट्रेला अर्धा लिटर पुरते. नऊ ट्रेंना साडेचार लिटर द्रावण आणि चौदा ग्रॅम भुकटी, एवढ्यावर काम भागले. साठही ट्रेंवर ओतले असते तर तीस लिटर पाणी आधीच चिंब असलेल्या कोकोपीटमध्ये गेले असते. चौथे, भिंतीलगतचे ट्रे बाहेर अंगणात पन्नास टक्के जाळीच्या एकाच थराखाली, विटांवर आडवे बांबू टाकून ठेवले. अंधारातून एकदम उघड्या उन्हात नेले असते तर कोवळी पाने करपली असती. म्हणून दोन-तीन दिवस जाळीखाली ठेवून मग सकाळचे ऊन देण्यास सुरुवात केली.

निष्पत्ती अशी झाली. तीन रोगट ट्रेंतील दोनशे चौऱ्याण्णव रोपांपैकी निम्म्याहून थोडी अधिक गेली, उरलेली वाचली. शेजारच्या सहा ट्रेंत नवी पडझड झाली नाही. भिंतीलगतच्या पंधरा कोरड्या ट्रेंतील रोपे चार-पाच दिवसांत गडद हिरवी झाली व शेंडे ताठ झाले. परंतु ज्या पाच ट्रेंवर आधी भरपूर द्रावण ओतले गेले होते त्यांपैकी दोनमध्ये आठवड्याभरात खरोखरच रोगाचे ठिपके दिसू लागले. औषध होते, तरी रोग आला, याचे कोडे वाटते. उत्तर सोपे आहे. वापरलेले औषध कार्बेन्डाझिम या गटातील होते. ते पिथियमवर मुळीच काम करत नाही. वरून लांबट, रसरशीत, पातळ सालीची रोपे आणि खाली चिंब कोकोपीट, असा रोगाला अनुकूल मेळ त्या पाण्याने जमवून दिला.

या प्रसंगावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन दुखणी वेगळी आहेत, पण परकी नाहीत. उजेड नसलेल्या जागी कोकोपीट वाळत नाही आणि रोपही कोवळेच राहते, म्हणून दुर्लक्षिलेला अंधार पुढे रोगाचे दार उघडतो. निदान करताना मात्र आज त्या रोपाला काय झाले आहे, एवढेच पाहावे.

औषधाची मर्यादा

मान आवळली गेलेले रोप कोणत्याही औषधाने उठत नाही. औषधाचे काम शेजारच्या रोपाला वाचवण्याचे. त्यातही कारण पाहून औषध निवडावे लागते. मेटॅलॅक्झिलसारखे औषध पिथियम व फायटोप्थोरावर चालते, परंतु रायझोक्टोनियावर नाही. कार्बेन्डाझिमची गोष्ट याच्या उलट आहे. खुणा संमिश्र असतील तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावर न जाता, मुळांसकट रोपे ओल्या कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात दाखवावीत. कोणतेही औषध घेताना वेष्टनावरील पीक, प्रमाण व सूचना वाचून घ्याव्यात. शाळेच्या परसबागेत औषध कालवण्याचे व ओतण्याचे काम विद्यार्थ्यांना देऊ नये.

ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी बी पेरताना किलोला चार ते पाच ग्रॅम या प्रमाणात चोळली, किंवा कोकोपीटमध्ये मिसळली, तर ती रोगकारक बुरशीला जागा मिळू देत नाही. पण ती संरक्षक आहे, वैद्य नव्हे. रोग दिसल्यावर ती टाकून फारसे साधत नाही, आणि तांब्याच्या औषधाबरोबर ती टाकली तर तीच मरते. रंगीत लेप दिलेले संकरित बियाणे कंपनीकडूनच औषध लावून आलेले असते. त्याला पुन्हा रासायनिक बीजप्रक्रिया करण्याचे कारण नसते.

लांबट झालेल्या रोपांचे काय करावे, असा प्रश्न येथे येईल. झालेली लांबी मागे घेता येत नाही, पण पुढील वाढ सुधारते. टोमॅटोच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्याच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून लावणी करताना लांबट खोडाचा बराचसा भाग मातीत जाईल इतके खोल लावले तरी चालते. मिरचीला हा नियम सरसकट लावू नये, तिच्या खोडाला इतक्या सहज मुळे फुटत नाहीत.

पुढील हंगामाची तयारी

शेवटी पंचायत सदस्यांच्या व शिक्षकांच्या हाती असलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली ट्रेची स्वच्छता. गेल्या वर्षीच्या ट्रेच्या कोपऱ्यात चिकटलेले कोकोपीट व मुळांचे तुकडे हे रोगाचे घर असते. ट्रे प्रथम ब्रशने धुवावेत, कारण मळ असताना कोणतेही जंतुनाशक काम करत नाही. नंतर विहिरीसाठी पंचायतीत असलेली टीसीएल पावडर, ताजी असल्यास, लिटरला सुमारे वीस ग्रॅम कालवून तिच्या निवळीत ट्रे पंधरा-वीस मिनिटे बुडवावेत, साध्या पाण्याने विसळावेत आणि उन्हात वाळवावेत. हातमोजे घालावेत व काम उघड्यावर करावे. वापरलेले कोकोपीट रोपांसाठी पुन्हा वापरू नये, ते फळझाडांच्या आळ्यात टाकावे.

दुसरी गोष्ट जागेची. सावलीची जागा आणि पावसापासून आडोशाची जागा या एकच नव्हेत. रोपांना आडोसा हवा, अंधार नको. ओसरीपेक्षा वर पारदर्शक प्लास्टिक, बाजूला कीटकरोधक जाळी आणि उन्हाच्या दिवसांपुरती सरकवता येणारी पन्नास टक्के शेडनेट, अशी साधी मांडणी बरी. ढगाळ दिवसांत ती जाळी गुंडाळून ठेवावी. जागा निवडताना दुपारी ट्रेच्या उंचीवर हात धरून पाहावा. ऊन असलेल्या दिवशी हाताची सावली स्पष्ट पडत नसेल, तर ती जागा रोपांची नव्हे. ट्रे जमिनीवर न ठेवता विटांवर वा बांबूवर ठेवावेत, म्हणजे खालच्या भोकांतून निचरा होतो आणि चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत.

तिसरी गोष्ट पाण्याची. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत मानेभोवतीचा पृष्ठभाग सुकतो. नेमाने रोज पाणी देण्याऐवजी ट्रे उचलून पाहावा. जड लागला तर त्या दिवशी पाणी नको. ढगाळ हवेत दिवसाआड पाणीही कधी कधी जास्त होते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ट्रे उचलणे, मूठ दाबणे आणि पडलेल्या रोपाची मान व मूळ पाहणे, एवढ्या तीन गोष्टींची रोजची नोंद वहीत ठेवून घ्यावी. तारीख, ट्रेचा क्रमांक, पडलेली रोपे आणि मानेचा रंग, अशा चार रकान्यांची ही वही असावी. पडझडीचा ठिपका वाढतो आहे की सगळा ट्रे सारखाच लांबतो आहे, हे त्या वहीतूनच दोन दिवसांत कळते आणि औषधाची झारी उचलावी की जाळी गुंडाळावी, याचा निर्णय करता येतो.

माझे बोलणे मी येथे संपवतो. शेजारच्या खोलीत तीन ट्रे ठेवले आहेत. त्यांतील एक निरोगी आहे, एक लांबट आहे आणि एकात रोग आहे. कोणता कोणता, हे मी सांगणार नाही. पाण्याच्या वाट्या तेथेच आहेत. प्रत्येकाने एकेक रोप उपटून, धुऊन पाहावे आणि मगच आपले मत सांगावे, ही विनंती.